नोंद ७ : लसूण गेली, हिंगही गेला

तापानंतर वास येईनासा झालेल्या आईसाठी रचलेल्या ज्या साराची मागच्या नोंदीत मी एवढी फुशारकी मारली होती, ते सार गुरुवारी तिने वाटीसकट परत सरकवलं. "यात काहीतरी कुजलंय रे." बारा दिवस हेच सार ती दोन्ही वेळा घेत होती. रविवारी तर "आणखी आहे का?" असं विचारलं होतं. त्या तीन शब्दांवर मी आठवडाभर तरंगत होतो, तो असा दाणकन खाली आलो.

मी चाखलं, बायकोने चाखलं. उत्तम होतं. पहिला संशय नारळाच्या दुधावर, कारण नारळ दोन दिवस आधी फोडलेला. नवा नारळ फोडला. मग मिक्सरच्या भांड्याच्या रबरी रिंगवर, कारण तिथे कालचं वाटण हटकून अडकून बसतं. रिंग काढली, गरम पाण्यात उकळली. सार पुन्हा केलं. आईने वाटी नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं.

इथे थोडं थांबून विचार करायला हवा होता, तो मी रात्री भांडी घासताना केला. ऑगस्टमधल्या तापानंतर आईची तक्रार एकच होती, "लाकडाचा भुसा खाल्ल्यासारखं लागतं." दुसऱ्या नोंदीतली नाकबंद चाचणी आठवत असेल. नाक चिमटीत धरून बडीशेप चावायची आणि मधेच नाक सोडायचं. आपल्याला नाक सोडल्यावर भपकन स्वाद येतो. तिला काहीच फरक पडला नव्हता. आंबट, खारट, गोड जिभेला नीट कळत होतं. म्हणजे जीभ शाबूत आणि नाक ठार बंद. म्हणूनच सुगंधी मसाल्यांचा नाद सोडून आंबट, मीठ आणि आल्याची चुणचुण यांवर सार बांधलं होतं. गुरुवारची तक्रार मात्र "चव नाही" अशी नव्हती, "घाण वास येतो" अशी होती. म्हणजे नाक बोलायला लागलंय, पण भलतंच बोलतंय. आणि मंगळवारपासून ती कॉफी नको म्हणत होती, ते मी लाडीगोडीने चहावर निभावून नेलं होतं. खूण समोर होती, मला दिसली नाही.

शुक्रवारी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. विषाणूच्या तापात गेलेला वास परत येताना बऱ्याचदा असा वाकडा येतो. काही आठवडे किंवा महिनेही चालू शकतं, त्रास देणारे पदार्थ टाळा, वजनावर लक्ष ठेवा. वजन साडेअडतीस किलो आहे, त्यामुळे "टाळा" म्हणणं सोपं, पण मग उरतं काय?

शनिवारी साराचे तुकडे केले. सात छोट्या वाट्या घेतल्या: उकडलेला टोमॅटो, मुगाचं वरण, नारळाचं दूध, आमसुलाचं पाणी, तुपातलं जिरं, तुपातली लसूण, भाजलेल्या सोड्यांची पूड. तिला डोळे मिटायला सांगून एकेक नाकाशी धरली, मधे दोन-दोन मिनिटं थांबून. पहिल्या चारांवर कपाळाला आठी नाही. आमसुलाला तर "हे गावचं वाटतं" म्हणाली. जिऱ्याला नाक किंचित मुरडलं. लसणीला हाताने वाटीच ढकलली. सोड्यांना "शी! जळकं रबर."

सोडे गेल्याचं दुःख मला जास्त झालं. अर्धा चमचा पुडीत जी खोल रुची यायची, ती टोमॅटो कितीही आटवला तरी येत नाही.

मग मी शहाणपणा केला. लसूण नाही ना, मग हिंग घालू! रविवारी तुपात चिमूटभर हिंगाची फोडणी दिली. आई पलंगावरूनच ओरडली, "काय जाळतोयस?" ती खोलीत, मी स्वयंपाकघरात, मधे दार. नंतर लक्षात आलं, लसूण आणि हिंग दोघांच्या वासामागे गंधकाचीच मंडळी. कांदाही त्याच घरातला. कॉफी आणि भाजलेले सोडे यांच्यात गंधक आणि भाजकेपणा दोन्ही. म्हणजे नियम असा निघाला: गंधकवाले मसाले बंद, भाजणं-तळणंही बंद, उकडलेलं चालू. हा तिच्या नाकाचा नियम, तुमच्याकडच्या माणसाचा वेगळा निघू शकतो, तेव्हा वाट्या स्वतः मांडा. आणि फोडणीचा धूरच भूक मारतो, म्हणून आमचा दुपारचा स्वयंपाक आता ती गॅलरीत बसलेली असताना होतो.

सध्याचं सार असं. दोन मोठे चमचे मूगडाळ कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत मऊ. दोन टोमॅटो उकडून, सालं काढून, डाळीबरोबर वाटायचे आणि गाळायचे. चार आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात वीस मिनिटं. त्याचं पाणी घालायचं, सार पाच मिनिटं उकळायचं, मग गॅस बंद. किंचित थंड झाल्यावर पाव वाटी दाट नारळाचं दूध, अर्धा चमचा आल्याचा रस, चिमूटभर साखर. नारळाचं दूध आधी घातलंत तर आंबटपणात आणि उकळीत फाटतं, वर तेल तरंगतं आणि खाली चोथा बसतो. माझी दोन पातेली तशी गेली. डाळ आधी एकजीव वाटली असेल तर सार धरून राहतं. यातून दोन छोट्या वाट्या होतात, डाळीतून साधारण सात ग्रॅम प्रथिनं. एका बैठकीला एकच वाटी, दुसरी चार वाजता.

आमसुलांबद्दल एक कुरकुर. तयार आगळ मी सोडून दिलं, कारण त्यात मीठ एवढं असतं की आईच्या रक्तदाबाचा हिशेबच राहत नाही. सुकी आमसुलं घ्यायची आणि मीठ आपल्या हाताने घालायचं. ओळखीच्या दुकानातून आणलेली चकचकीत आमसुलं पाण्यात टाकल्यावर वर तवंग आला, ती फेकली. गावाहून आलेली मळकट, सुरकुतलेली सरस ठरली.

आता हे लिहितानाच एक सुचलं, आणि मधेच उठून करून पाहिलं. वास वाफेबरोबर चढतो, मग सार गार दिलं तर? उरलेलं सार फ्रिजमधून काढून वीस मिनिटं ठेवलं, आणि जिऱ्याची फोडणी मुद्दाम त्यात घातली, जिच्यावर शनिवारी नाक मुरडलं होतं. आईने अर्धी वाटी संपवली, मग म्हणाली, "थंडगार बरं वाटतं घशाला." जिऱ्याचं नावही काढलं नाही. लसणीचं धाडस मी अजून करणार नाही. पुतण्याने पोहताना लावायचा नाकाचा चिमटा सुचवला होता, तोही बाद. फुप्फुसाला त्रास झालेल्या बाईचं नाक जेवताना बंद करून गिळण्याचा खेळ मला नको. तिला खोकला येतो का, हे मी पहिल्या घासापासून बघत असतो.

त्यामुळे आठवड्याचा बेत बदलला. गरम पेज आणि मेतकूट-भात मागे. मेतकुटातही भाजलेल्या डाळी असतात आणि हिंग असतो, हे इतके दिवस माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याऐवजी गार दहीभात, सायीचं दही घालून, वर डाळिंबाचे दाणे. दातांची कवळी असल्याने दाणे त्रास देतील, म्हणून आधी चारच देऊन बघतो. आणि स्टीलच्या चमच्याऐवजी चिनी मातीचा, कारण "चमच्याचीच चव येते" अशी तिची जुनी तक्रार आहे.

उद्या सकाळी वजन. सारासाठी आमसुलं रात्री भिजत घालत नाही, वीस मिनिटं पुरतात.