'तहकूब' आणि 'समाप्त'

आमचे अध्यक्ष गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले आणि आमच्या कामगार संघटनेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची खुर्ची माझ्याकडे आली. संघटनेच्या घटनेत तसंच लिहिलंय, अध्यक्ष नसतील तर उपाध्यक्षांनी सभा चालवावी. मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. उपाध्यक्ष म्हणून चार वर्षं कार्यकारिणीच्या बैठकांना बसले होते, पण तीनशे अठरा सभासदांच्या सभेत माईक हातात धरायचा प्रसंग कधी आला नव्हता. ही २०२३ च्या एप्रिलमधली गोष्ट.

सरचिटणीस म्हणाले, "ताई, तुमी फक्त दोन कागद लिहून आणा. सुरुवातीचा एक अन् शेवटचा एक. मधलं आमी पाहून घेऊ."

दोन कागदांचा आग्रह कशासाठी, हे मला न सांगताच कळलं होतं. आदल्या वर्षी सभा संपताना अध्यक्ष सहज बोलून गेले होते, "चला, सभा इथेच तहकूब करतो, जेवून घ्या." तहकूब म्हणजे थांबवलेली, तीच सभा पुढे चालू राहणार. समाप्त म्हणजे संपलेली. पुढच्याच रविवारी सतरा-अठरा जण एका चहाच्या टपरीमागे बसले आणि "मागल्या सभेचा पुढचा भाग" म्हणून खजिनदार बदलल्याचा ठराव लिहून मोकळे झाले. नवी नोटीस काढली नाही, कारण तहकूब सभेला ती लागत नाही असं त्यांचं म्हणणं. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, तीही नव्हती. त्यावर त्यांनी आमच्याच घटनेतलं कलम दाखवलं, की गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुढच्या वेळी गणपूर्तीची अट राहत नाही. सभा गणपूर्तीअभावी तहकूब झालीच नव्हती, ती तर जेवणासाठी उठली होती. पण इतिवृत्तात सभा का थांबली ते लिहिलेलंच नव्हतं, नुसतं 'तहकूब' होतं. तो गुंता सुटायला तीन महिने गेले, आणि त्या तीन महिन्यांत बँक दोन्ही गटांची पत्रं बाजूला ठेवून बसली.

तरी माझा पहिला खर्डा फसलाच. मी भाषण लिहिलं. एम्प्रेस मिल, गिरण्यांचे भोंगे, मग १९२९ मध्ये इथे नागपुरातच भरलेलं आयटक या देशव्यापी कामगार संघटनेचं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. दीड पान झालं. सरचिटणिसांनी वाचलं आणि विचारलं, "या अधिवेशनात काय झालं होतं, माहीत आहे ना?" माहीत होतं. ब्रिटिश सरकारने कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या रॉयल कमिशनवर बहिष्कार आणि आणखी काही ठरावांवरून ना. म. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि संघटना फुटली. "वर्गणी वाढवायच्या सभेत फुटीची गोष्ट सांगून सुरुवात करता का जी?" असं म्हणून त्यांनी ते पान दुमडून माझ्या हातात परत दिलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. विचार मांडायचे ते अध्यक्षीय भाषणात. सभा उघडताना अध्यक्षानं तेवढंच बोलावं जे पुढे इतिवृत्तात जाणार आहे.

मग मी आमची घटना घेऊन बसले. वर्षातून एकदा आम्ही तिची धूळ झटकतो. विषयपत्रिकेवरचा तापलेला विषय होता मासिक वर्गणी तीस रुपयांवरून पन्नास करण्याचा. वर्गणीचा आकडा आमच्या घटनेतच असल्यामुळे ही घटनादुरुस्ती होती, नेहमीचा ठराव नव्हे. घटना कशी बदलायची हे घटनेतच असावं, ही तेव्हा लागू असलेल्या १९२६ च्या श्रमिक संघ अधिनियमाचीच अट होती. आमच्याकडे त्यासाठी "हजर राहून मतदान करणाऱ्या सभासदांच्या दोन-तृतीयांश" मतं लागतात. हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. 'हजर सभासदांच्या' आणि 'हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या' यांत फरक आहे, आणि तो मतदान झाल्यावर सांगितला तर कुणीही म्हणणार, आकडे पाहून नियम काढला. म्हणून तो सुरुवातीच्या कागदावर गेला.

कागद असा झाला:

"सभासद बंधू-भगिनींनो, सकाळचे ____ वाजून ____ मिनिटं झाली आहेत. हजेरी पुस्तकात ____ सह्या झाल्या आहेत. आपली सभासद संख्या ३१८. घटनेप्रमाणे गणपूर्तीला एक-पंचमांश, म्हणजे ६४ सभासद लागतात. गणपूर्ती झाल्याचं मी जाहीर करते. अध्यक्ष रजेवर असल्यामुळे घटनेनुसार मी या सभेचं अध्यक्षस्थान घेत आहे. सभेची नोटीस मुदतीत फलकावर लागली आहे. ती वाचली असं समजावं का? (थांबणे.) विषय पत्रिकेच्या क्रमानेच घेतले जातील. विषय क्रमांक चार ही घटनादुरुस्ती आहे. ती मंजूर व्हायला हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश मतं लागतील. हात वर न करणारे या हिशेबात धरले जाणार नाहीत. यावर कुणाची हरकत असेल तर ती आत्ताच सांगावी. बोलणाऱ्याला तीन मिनिटं. ऐनवेळच्या विषयांवर चर्चा होईल, पण पैशाचा किंवा घटनेचा ठराव त्यात घेतला जाणार नाही."

"(थांबणे)" मी मुद्दाम लिहिलं होतं. भीतीने माणूस भरभर वाचतो, आणि नोटीस वाचली असं समजावं का, हे विचारून उत्तराआधीच पुढे गेलं तर विचारण्याला अर्थ उरत नाही. आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवायचा सल्ला आमच्या एका निवृत्त काकांचा. आधी टाइप करून आणलेला आकडा सभेत खोटा पडतो आणि माणूस घाईत तोच वाचून टाकतो, असं ते म्हणाले.

पडलाही असता. सभेची वेळ दहाची, आणि दहाला हॉलमध्ये एक्केचाळीस जण. बाकीचे बाहेर तर्री-पोह्याच्या गाडीवर. आमच्या घटनेत अर्धा तास वाट पाहायची मुभा आहे. दहा पंचवीसला सह्या सदुसष्ट झाल्या. मी रिकाम्या जागा पेनने भरल्या आणि वाचायला सुरुवात केली. हात थरथरत होता, पण कागदाला खालून पुठ्ठा लावला होता त्यामुळे दिसलं नाही.

दोन-तृतीयांशच्या वाक्यापाशी थांबले. कुणीच काही बोललं नाही. पंखा तेवढा घरघरत होता.

अहवाल आणि हिशेब शांतपणे मंजूर झाले. विषय चारवर पाऊण तास घमासान झालं. मतदानाच्या आधी मी हॉलमधली डोकी मोजायला लावली, कारण तोवर हजेरी पुस्तकात एकशे अठरा सह्या होत्या आणि त्यांतले बरेच उन्हं चढायच्या आत घरी निघून गेले होते. सुरुवातीला गणपूर्ती होती म्हणजे ती शेवटपर्यंत राहते असं नाही. कुणी मध्येच हरकत घेतली तर पुस्तकातल्या सह्या दाखवून चालत नाही. माणसं भरली चौऱ्याण्णव. दोन बाजूंचा एकेक मोजणारा घेतला. बाजूने अठ्ठावन्न, विरोधात सव्वीस. दहा जणांनी हात वर केलेच नाहीत.

लगेच मागून आवाज आला, "चौऱ्याण्णवचे दोन-तृतीयांश त्रेसष्ट होतात. ठराव पडला!" टाळ्याही वाजल्या. बोलणारे भाऊ हिशेबात चुकले नव्हते. हजर सभासद धरले तर त्रेसष्टच लागतात. मी सुरुवातीचा कागद उचलला आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. मत दिलेले चौऱ्याऐंशी, त्यांचे दोन-तृतीयांश छप्पन, मिळाली अठ्ठावन्न. "हरकत आत्ताच सांगावी असं मी साडेदहालाच विचारलं होतं," एवढंच वर जोडलं. ते भाऊ खाली बसले. मनातून पटलं नसावं, पण बसले. मतदानानंतर मी हाच नियम पहिल्यांदा काढला असता तर त्यांच्या जागी मीही उभी राहिले असते.

आता शेवटचा कागद. आमच्याकडे आभार प्रदर्शन झालं की लोक उठतातच, आणि त्या गोंधळात काहीतरी बोललं जातं जे नंतर 'सभेत ठरलं' म्हणून फिरतं. म्हणून आभार आधी आणि समाप्तीची घोषणा सगळ्यांत शेवटी, असा क्रम ठेवला. आभार चालू असतानाच एकाने कँटीनचा विषय काढला. मी त्यांना थांबवलं नाही, त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं, आणि मग वाचलं:

"आजच्या सभेत वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब सर्वानुमते मंजूर झाले. विषय क्रमांक चार, मासिक वर्गणी पन्नास रुपये करण्याची घटनादुरुस्ती, ५८ विरुद्ध २६ मतांनी, आवश्यक दोन-तृतीयांश बहुमताने मंजूर झाली; १० सभासद तटस्थ राहिले. दुरुस्तीची प्रत पंधरा दिवसांत निबंधकांकडे पाठवायची जबाबदारी सरचिटणिसांवर आहे. कँटीनबाबत सूचना आली, त्यावर ठराव झालेला नाही. पत्रिकेवरचे सर्व विषय पूर्ण झाले आहेत, कोणताही विषय पुढे ठेवलेला नाही. दुपारी ____ वाजून ____ मिनिटांनी ही सभा समाप्त झाली असं मी जाहीर करते."

खर्ड्यात विषय चारच्या पुढेही मी सवयीने 'सर्वानुमते' लिहून ठेवलं होतं. सव्वीस हात विरोधात दिसल्यावर तो शब्द तिथेच खोडला आणि समासात आकडे लिहिले. खाडाखोड दिसते, दिसू दे. वेळ भरली: एक वाजून अठरा मिनिटं. 'समाप्त' वर मी आधीच लाल पेनने दोनदा रेघ मारली होती. वाचताना तिथे पोचले तेव्हा पहिल्या रांगेतले काका हसले.

माईक बंद केला तसे कँटीनवाले भाऊ जवळ आले. "ताई, आमचं लिहा ना ठरावात."

"सभा संपली, भाऊ. कार्यकारिणीला अर्ज द्या, पुढच्या पत्रिकेत घेऊ."

त्यांनी विषयपत्रिकेचा कागद उलटा केला, माझंच पेन मागितलं, आणि खुर्चीच्या हातावर ठेवून तिथेच अर्ज लिहायला बसले. दोन्ही कागद, खाडाखोडीसकट, सरचिटणिसांनी इतिवृत्ताच्या वहीत चिकटवले. मी जेवायला पोचले तोवर वांग्याची भाजी संपली होती.