मुहूर्त १२.३५ चा, मग मेकअपला बसायचं किती वाजता? माझा अनुभव

आमच्या अक्षता १२.३५ च्या होत्या, कार्यालय कोल्हापुरातच, आणि घरात प्रत्येकाचं एकच म्हणणं की अगं साडेनऊला बसलीस तरी चालतंय. पण नवरीचं घड्याळ १२.३५ ला धरायचंच नसतं, ते धरायचं गौरीहराला. भटजींनी गौरीहर पूजेला ११.४५ ला बसायला सांगितलेलं, त्याआधी फोटोग्राफरला माझे एकटीचे फोटो हवे होते, म्हणजे मी ११ ला पूर्ण तयार पायजे. तिथून उलटं मोजत गेले. दागिन्यांना वीस मिनिटं, नऊवारीला अर्धा तास, केसांना एक तास, मेकअपला दीड तास. झाले तीन तास वीस मिनिटं, म्हणून खुर्चीत ७ ला बसायचं ठरवलं आणि वरची चाळीस मिनिटं मोकळी सोडली.

ही मोकळी चाळीस मिनिटं सगळी शेवटी ठेवू नका. मी पंधरा मिनिटं केसांनंतर टाकली कारण उशीर बहुतेक तिथंच होतो, आणि पंचवीस दागिन्यांनंतर. झालं पण तसंच. नवरीच्या खोलीत दोनच प्लग, एकीकडं माझा कर्लर, दुसरीकडं चुलतबहिणीचा स्ट्रेटनर, त्यात कुणीतरी एक्स्टेंशन लावून इस्त्री चालू केली आणि एमसीबी पडला. कार्यालयाचा इलेक्ट्रिशियन खाली मंडपात, मामा त्याला शोधत फिरतोय, आणि माझे अर्धे केस कुरळे अर्धे सरळ. साडेनऊला संपायचे केस ९.५५ ला संपले. तरी पंधरा मिनिटं तिथंच भरून निघाली, उरलेली दहा शेवटच्या पंचवीसातनं गेली आणि पावणेअकराला माझी नथसुद्धा घालून झालेली.

बाकीच्यांचे स्लॉट हा खरा भांडणाचा विषय. आमच्या मेकअपवालीबरोबर एक असिस्टंट होती, पण अंबाडा घालताना तिला असिस्टंट लागतेच, म्हणजे ८.३० नंतर ती दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. त्यामुळं तिघीच बसल्या: आई ६.१५ ला, करवली म्हणून बहीण ७ ला आणि काकू ७.४० ला. आई पहिली कारण साडेसातला आई-बाबांना देवकाला बसायचं होतं, आईला मागं ठेवली असती तर भटजी पाटावर आणि आई खुर्चीत. आत्या थोडी फुगली, पण तिला आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं म्हणून सकाळी तमाशा झाला नाही.

मदतीला माणसं खूप असतात, कामं वाटलेली नसतात. मामीकडं दागिन्यांचा डबा आणि कपाटाची चावी, दुसरं काही काम नाही. ती साज, ठुशी, बांगड्या ज्या क्रमानं घालायच्या तशाच टॉवेलवर मांडून बसलेली, नथ सगळ्यात शेवटी कारण नथ घातली की पाणी पिणं पण अवघड. गजरे महाद्वार रोडवरून आणायचं काम भावाकडं. माझा फोन मावसबहिणीकडं, आणि दारात मावशी, जिला नाही म्हणायला अजिबात लाज वाटत नाही. मुंडावळ्या कुठं बांधणार ते हेअरवालीला आधीच दाखवा बरं का, नाहीतर सेट केलेल्या केसांतनं ऐनवेळी दोरा घालताना पिना निघतात.

खाण्याचं सांगते. आजीचा हट्ट, अक्षता पडेपर्यंत नवरीनं जेवायचं नाही, उपवासाचं चालेल. मग पावणेसातला, तोंडाला काही लागायच्या आधी, वाटीभर साबुदाणा खिचडी आणि दूध. केसांनंतर, लिपस्टिकचा शेवटचा हात फिरायच्या आधी, केळ्याचे काट्यानं छोटे तुकडे. पाणी स्ट्रॉनं, आणि बाथरूमला नऊवारी नेसायच्या आधी जायचंच, कारण शिवलेली नसेल तर एकदा काष्टा मारल्यावर परत सोडून नेसायला अर्धा तास गेलाच म्हणून समजा. उपाशीपोटी गौरीहराला बसायची कल्पना मला तरी झेपली नसती, अर्धा तास पाटावर, वरून उदबत्तीचा धूर.

अक्षतांनंतर पाहुणे पंगतीला बसले तेव्हा आम्ही साडी बदलून सप्तपदी, फोटो, आहेर, मग आमची पंगत बसायला तीन वाजले. तोवर मामीनं पर्समधनं दोन राजगिऱ्याचे लाडू गुपचूप हातात दिले होते, एक नवऱ्याला दिला, तो पण सकाळपासून चहावरच होता.