पार्टनरच्या जागी हाय प्रीस्टेस

शनिवार, रात्री

आज दुपारी खानापूरहून एक मुलगी आली होती, माझ्या मैत्रिणीची भाची. साखरपुडा झालाय, लग्न तुळशीच्या लग्नानंतर. मुलगा निपाणीकडचा, घरी तंबाखूची शेती, आणि तो इथे बेळगावात, उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला, रूम करून राहतो. रोज रात्री फोन असतो. सगळं बोलतो, जेवलीस का विचारतो, पण लग्नानंतर कुठं राहायचं, कसं राहायचं हा विषय निघाला की गप्प. तिचा प्रश्न सरळ होता : त्यांच्या मनात काय आहे?

मी टॅरोच्या, म्हणजे कौल बघायच्या चित्रांच्या पत्त्यांतल्या, चार कार्डांची साधी मांडणी घेतली. पहिलं तिचं, दुसरं त्याचं, तिसरं दोघांच्या मधलं, चौथं सल्ल्याचं. दुसऱ्या जागी हाय प्रीस्टेस आली आणि मुलीचा चेहरा उतरला.

"मावशी, ही बाई कोण ओ? त्यांचं दुसरं कुणी आहे काय?"

हे मी बऱ्याचदा ऐकते. मुलाच्या जागी बाईचं चित्र आलं की पहिली शंका तिथंच जाते, आणि मांडून बसलेल्या माणसानं तिथं काही चुकीचं बोललं तर एखादं ठरलेलं लग्न मोडू शकतं. म्हणून हे नीट लिहून ठेवते.

पार्टनरच्या जागी जे कार्ड येतं ते पार्टनरचं असतं. चित्रात बाई आहे की राजा की घोडेस्वार, यानं त्या जागेचा मालक बदलत नाही. तिसरी व्यक्ती बघायची तर मांडणीत तिच्यासाठी वेगळी जागा ठरवावी लागते, आणि ती पत्ते पिसायच्या आधी ठरवायची. आमच्या मांडणीत तशी जागाच नव्हती. तेव्हा ही बाई म्हणजे तो फाउंड्रीतला मुलगाच, आज मनानं जसा बसलाय तसा. हा गोंधळ व्हायला एक जुनं कारणही आहे. माझ्याकडचा डेक रायडर-वेट पद्धतीचा, 1909 साली लंडनमध्ये निघालेला, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. त्याचे अर्थ लिहिणाऱ्या वेटनं या कार्डाखाली गुपितं, अजून उघड न झालेलं भविष्य, मौन असे अर्थ दिलेत, आणि विचारणारा पुरुष असेल तर त्याला जिच्यात रस आहे ती स्त्री, असंही लिहिलंय. ते एवढंच वाक्य पाठ करून बसलं की पार्टनरच्या जागी ही आली रे आली की लोक 'दुसरी बाई' म्हणून मोकळे होतात.

मी कार्ड तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, अर्थ राहू दे, आधी बघ काय दिसतंय.

दोन खांब आहेत, एक काळा, एक पांढरा, त्यांवर बी आणि जे ही अक्षरं. मध्ये ती बसलीय. मागं पडदा, त्यावर डाळिंबं. पडद्याच्या कडेनं, अगदी थोडंसं, पाणी दिसतं. पायाशी चंद्रकोर. मांडीवर गुंडाळी, तिच्यावर तोरा, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाचं नाव, लिहिलेलं, पण अर्धी गुंडाळी अंगावरच्या वस्त्राखाली गेलीय. मुलीनं तीच पहिली टिपली. "हे झाकलंय," म्हणाली. मी म्हटलं, होय की, पण अर्धंच झाकलंय, उरलेलं तुला वाचता येईल असं समोर धरलंय. आणि तिचे डोळे बघ. सरळ तुझ्याकडे बघतेय.

या नजरेवर मी फार भर देते. त्याच डेकमधून मी सेव्हन ऑफ स्वॉर्ड्स काढून शेजारी ठेवलं, फक्त दाखवायला, मांडणीत नव्हे. त्यात एक माणूस पाच तलवारी कवटाळून चवड्यांवर पळ काढतोय, दोन तलवारी मागं जमिनीत रोवलेल्या राहिल्यात, आणि तो मागं वळून बघतोय की कुणी पाहिलं तर नाही ना. फसवणारा माणूस असा दिसतो. प्रीस्टेस जागची हललेली नाही, पळत नाही, नजर चोरत नाही. तिच्याकडे काहीतरी आहे, ते तिला पक्कं ठाऊक आहे, आणि ते अजून द्यायचं नाही असं तिनं ठरवलंय. पार्टनरच्या जागी मी एवढंच वाचते : भावना आहेत, त्या त्याला स्वतःला कळलेल्या आहेत, पण त्यांच्याभोवती कुंपण आहे.

'कळलेल्या आहेत' हे महत्त्वाचं. ज्याला स्वतःलाच उमगत नाही त्याच्या जागी बहुधा टू ऑफ स्वॉर्ड्स येतं, डोळ्यांवर पट्टी बांधलेली, छातीवर दोन तलवारी आडव्या धरलेली. मन उडालेल्याच्या जागी फोर ऑफ कप्स, झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला, समोर आलेल्या प्याल्याकडे न बघणारा. तिघंही फोनवर सारखेच गप्प असतात, पण त्यांचं गप्प राहणं वेगवेगळं असतं. प्रीस्टेसवाला माणूस तुम्ही काय बोलता ते नीट ऐकतो आणि लक्षात ठेवतो. मुलीला विचारलं, तू सहज बोललेलं त्यांना आठवतं का? म्हणाली, मागं आजीच्या गुडघ्याचं बोलले होते, परवा आपणहून विचारलं. मग हे मन उडालेलं नव्हे.

पण गुपित कशाचं? हे प्रीस्टेस कधीच सांगत नाही. त्याकरता शेजाऱ्यांकडे जावं लागतं.

तिच्या स्वतःच्या जागी नाइट ऑफ स्वॉर्ड्स होता. घोडा चौखूर, तलवार वर, मागची झाडं वाऱ्यानं वाकलेली. विचारलं तेव्हा कळलं, रोज रात्री ही एकच प्रश्न टाकते : "काय लपवताय?" आणि तो म्हणतो, तसं काही नाही. अशा घोड्यासमोर पडद्याआडचं माणूस पडदा आणखी ओढून घेणार. दोघांच्या मधल्या जागी टेन ऑफ पेंटॅकल्स. कमानीखाली तरुण जोडपं, एक मूल, दोन कुत्री, आणि सगळ्यांच्या पुढं, नक्षीच्या झग्यात बसलेला म्हातारा. घर, जमीन, वडीलधारे, वाटणी यांचं हे कार्ड. सल्ल्याच्या जागी पेज ऑफ कप्स : एक पोरगा हातात प्याला धरून उभा, प्याल्यातून मासा डोकं काढतोय आणि पोरगा त्याच्याकडे शांतपणे बघतोय.

मी तिला सांगितलं ते असं. तुझ्या माणसाच्या मनात जे आहे ते घराबद्दलचं आहे, दुसऱ्या बाईबद्दलचं इथं काही दिसत नाही. दोघांच्या मध्ये म्हातारा बसलाय, तेव्हा ते बहुधा त्याच्या वडिलांशी जोडलेलं असणार. काय ते मला दिसत नाही आणि मी अंदाज बांधणार नाही. फोनवर विचारू नकोस, समोर बसून विचार. 'काय लपवताय' हे शब्द सोडून दे. एकच साधा प्रश्न कर : तुमच्या घरी लग्नानंतरचं काय ठरलंय? आणि मग थांब. तो गप्प राहिला तरी तू बोलू नकोस, मासा वर यायला वेळ दे.

वाचन चुकलंय हे कसं ओळखायचं तेही सांगितलं. घराचा विषय काढल्यावर तो न अडखळता सगळं सांगून मोकळा झाला तर माझा टेन ऑफ पेंटॅकल्सचा अर्थ सोडून दे. आणि साध्यासाध्या गोष्टींत, काल कुठं होता, रूमवर कोण असतं, यात उत्तरं रोज बदलायला लागली, तर पत्त्यावर कुठलंही चित्र असू दे, ते जपून ठेवणं नव्हे. शिवाय कर्ज, आजार, आधीचं लग्न अशा गोष्टींची चौकशी पत्त्यांवर करायची नसते. ती मामा-काकांनी निपाणीला जाऊन करायची. हे मी प्रत्येकीला सांगते आणि त्यात मला जराही संकोच वाटत नाही.

जाताना म्हणाली, एक पत्ता अजून काढा ना, तो प्रीस्टेसवर ठेवू, नेमकं कळेल. मी नाही काढला. खुलाशाचा पत्ता मी बाकी कार्डांवर घेते, एखादा. प्रीस्टेसवर घेत नाही. ज्यानं सांगायचं नाही असं ठरवलंय त्याच्या झग्याखाली हात घालण्यासारखं आहे ते, आणि तो माणूस इथं हजरही नाही. अनुभवही असाच आहे की यावर पत्ते टाकत गेलं की प्रत्येक पत्ता वेगळं बोलतो आणि विचारणारी त्यातला सगळ्यात वाईट उचलून घरी जाते.

गुरुवार

मुलीचा फोन आला. काल तो खानापूरला आला होता, ओसरीवर बसले. तिनं तेवढा एकच प्रश्न विचारला. तो बराच वेळ बोलला नाही, चहा गार झाला, तिनंही तोंड उघडलं नाही. मग म्हणाला, वडिलांचं म्हणणं आहे लग्नानंतर नोकरी सोडून गावाकडं यावं, तंबाखू बघावा, त्यांच्यानं आता होत नाही. त्याला यायचं नाही. वडिलांना नाही म्हणायचा धीर झालेला नाही. आणि तिच्या घरच्यांनी बेळगावची नोकरी बघून मुलगी दिली, हे मनात असल्यानं तिला सांगायचीही लाज वाटत होती.

"आणि अजून एक आहे म्हणाले, ते वडिलांशी बोलल्यावर सांगतो." हे सांगताना तिचा आवाज पुन्हा बारीक झाला. "मावशी, ते काय असेल?"

मी म्हटलं, वडिलांशी कधी बोलणार ते विचारलंस का? म्हणाली, रविवारी जाणार आहेत. मग सोमवारी विचार, तसाच, एकच प्रश्न. आणि घरी आईला आजच सांग, राहायचं अजून ठरलेलं नाही म्हणून. त्यांना पत्रिका छापायच्या आधी कळायला हवं.