त्रेपन्न अंशांचा अर्थ

सहा आठवड्यांची ती मुलगी सोनोग्राफीसाठी आली तेव्हा तिच्या कागदांवर एकच कारण लिहिलेले होते: पायाळू, सिझेरियन. गर्भाशयात शेवटपर्यंत पाय खाली असलेल्या बाळांमध्ये खुब्याची खोबण उथळ राहण्याचा धोका अधिक असतो, आणि मुलींमध्ये तो आणखी वाढतो. त्यामुळे बालरोगतज्ज्ञांनी तपासणीत काही सापडले नसतानाही तिला माझ्याकडे पाठवले होते. या वयात मांडीच्या हाडाचा गोल माथा अजून कूर्चेचाच असल्याने तो एक्स-रेवर दिसत नाही, सोनोग्राफीत मात्र स्वच्छ दिसतो.

बाळाला कुशीवर निजवून मी उजवा खुबा पाहिला. खोबणीच्या हाडाच्या छताचा कोन 62 अंश आला. डाव्या बाजूच्या पहिल्या चित्रात मात्र तो 48 भरला. पण त्या चित्रात कमरेच्या हाडाची रेघ सरळ नव्हती, थोडी बाहेरच्या बाजूला वळली होती. प्रोब किंचित तिरपा झाला की असे होते आणि निरोगी सांधाही आजारी दिसू शकतो. म्हणून ते चित्र मी पुसून टाकले. कमरेच्या हाडाची सरळ कड, खोबणीच्या तळाशी त्याच हाडाचे खालचे टोक आणि खोबणीच्या काठावरची कूर्चेची किनार, या तिन्ही खुणा एकाच चित्रात येईपर्यंत कोन मोजायचाच नाही, हा या तपासणीचा पाया आहे. ऑस्ट्रियातील अस्थिरोगतज्ज्ञ राइनहार्ड ग्राफ यांनी 1980च्या सुमारास ही पद्धत मांडली, ती याच शिस्तीवर उभी आहे. बाळ दूध पिऊन शांत झाल्यावर घेतलेल्या दोन्ही चित्रांत डावा कोन 53 आला.

आईवडिलांना मी पडद्यासमोर बसवले. कमरेच्या हाडावरून जाणारी एक रेघ आणि खोबणीच्या हाडाच्या छतावरून जाणारी दुसरी रेघ, या दोहोंमधला कोन म्हणजे अल्फा. तो जितका मोठा, तितके छत माथ्यावर अधिक पुढे आलेले, आणि साठ किंवा त्याहून अधिक असला की छत पुरेसे वाढलेले मानतात, असे मी बोटाने दाखवत समजावले. बीटा हा दुसरा कोन हाडाचा नसून कूर्चेच्या छताचा असतो आणि माथा बाहेर सरकू लागला की तो वाढतो. या बाळाचा बीटा मर्यादेत होता, म्हणजे माथा अजून जागेवर होता.

वडिलांनी विचारले, "डॉक्टर, साठाला फक्त सातच कमी आहेत ना? मग एवढी काळजी कशाला?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर आकड्यात नव्हते, बाळाच्या वयात होते. जन्मल्यावर लगेच 53 आला असता, तर छत अजून वाढते आहे, एवढेच मी म्हटले असते. सहाव्या आठवड्यात मात्र तो निदान 55 तरी असावा लागतो. हाच 53 बाराव्या आठवड्यानंतरही राहिला, तर त्याला अपरिपक्वता म्हणता येत नाही, तो दोषच ठरतो. शिवाय दोन अनुभवी डॉक्टरांच्या मोजमापातही काही अंशांचा फरक पडू शकतो, त्यामुळे मी त्या एका आकड्यावर निकाल दिला नाही. बाळाला मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवले.

आजी आतापर्यंत गप्प होत्या. बाळाला पाय सरळ करून दुपट्यात आवळून गुंडाळले जाते, हे त्यांच्याकडूनच कळले. पाय ताणून एकत्र बांधले की माथ्यावर बाहेर ढकलणारा दाब येतो. गुडघे वाकलेले आणि फाकलेले राहिले तरच तो खोबणीत नीट बसून छताला आकार देतो. "हात आणि छाती खुशाल गुंडाळा, पण कमरेखाली दुपटे सैल ठेवा," असे मी सांगितले आणि त्यांनी तिथेच बाळाचे दुपटे सोडून दिले.

अस्थिरोगतज्ज्ञांना हाताने तपासून सांधा स्थिर वाटला, म्हणून त्यांनी चार आठवडे थांबून पुन्हा मोजायचे ठरवले. काही डॉक्टर अशा बाळाला लगेच पट्टा लावतात, पण या बाळाच्या बाबतीत मला त्यांचा निर्णय पटला. दहाव्या आठवड्यात डावा कोन 54 आला, म्हणजे महिन्याभरात जेमतेम एक अंश वाढला, आणि मोजमापातील फरक धरला तर तेवढाही नाही. मग पाय वाकवून फाकलेले ठेवणारा पाव्हलिकचा पट्टा बांधला गेला. पट्टे घरी ओढायचे नाहीत आणि बाळाने त्या पायाने गुडघा झटकणे थांबवले तर लगेच यायचे, कारण खुबा जास्त वाकवला गेल्यास मांडीच्या पुढच्या मज्जातंतूवर दाब येऊ शकतो, हे आईला दोनदा सांगितले. सहा आठवड्यांनी तोच कोन 62 झाला. आता माथ्यात हाड दिसू लागल्यावर, म्हणजे सहाव्या महिन्यात, तिचा एक्स-रे काढायचा आहे.