डीपीवरचा मेलेला कावळा

एप्रिल संपत आला की आमच्या सेक्शनला एक ठरावीक तक्रार येते: डीपीवर मोठा आवाज झाला आणि वाडीची लाईट गेली. गुहागर तालुक्यातल्या त्या वाडीतूनही तसाच फोन आला. आम्ही तिघे गेलो. मी कनिष्ठ अभियंता, बरोबर एक लाइनमन आणि एक हेल्पर.

गाडीतून उतरण्याआधीच कलकलाट कानावर आला. आंब्यावर, कौलांवर, पलीकडच्या पोलवर कावळेच कावळे. बहुतेक राखी मानेचे गावकावळे, मध्ये दोन-तीन डोमकावळे. सगळ्यांची तोंडं डीपीकडे. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवर एक कावळा मरून पडला होता आणि त्याच्या चोचीजवळ बांधायच्या तारेचा तुकडा होता. या दिवसांत कावळे घरट्यासाठी काड्यांबरोबर असे तुकडेही उचलतात. एकाच तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही. पण टाकी अर्थ केलेली, म्हणजे जमिनीला जोडलेली असते आणि तिच्यावरच्या बुशिंगच्या, म्हणजे तार जिथे आत जाते त्या चिनीमातीच्या इन्सुलेटरच्या टोकाला 11 केव्ही असतात. तारेच्या तुकड्याने मधलं अंतर भरून निघालं, करंट कावळ्यातून जमिनीत गेला आणि डीओ, म्हणजे डीपीचा फ्यूज उडाला.

ओसरीवरच्या आजी म्हणाल्या, "त्यांच्यातलं गेलंय रे बाबा. मयताला जमलेत."

सबस्टेशनकडून परमिट घेतलं, लाइन तोडणारा एबी स्विच उघडला, हेल्परने डिस्चार्ज रॉड लावून लाइन अर्थ केली आणि लाइनमन वर चढला. तोवर कावळे ओरडत होते, पण जागेवर बसून. त्याने मेलेला कावळा हातात घेतला आणि आवाज एकदम बदलला. घोगरा, तुटक, एकावर एक. पाच-सहा कावळे त्याच्या हेल्मेटजवळून झेप घेऊन गेले. खाली उतरून त्याने कावळा माडाच्या बुंध्याशी पुरला. पंधरा-वीस मिनिटांत गर्दी पांगली.

खरी गोष्ट पुढच्या दिवसांत दिसली. डीपीशेजारी एक मावशी मासळी विकतात. माशांची डोकी तिथेच पडतात, त्यामुळे कावळ्यांची ती रोजची जागा. दोन दिवस एकही कावळा खाली उतरला नाही. वरून बघायचे आणि निघून जायचे. आणि आमचा लाइनमन वाडीत शिरला की कावळे त्याच्यावर ओरडायचे, घरोघरी मीटर बघत फिरताना मागे मागे यायचे. हेल्पर त्याच वेळी तिथे होता, तसंच पिवळं हेल्मेट घालून, पण त्याने कावळ्याला हात लावला नव्हता. त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. लाइनमन एकदा हेल्मेट काढून गेला, तरी त्याला ओळखलं.

मला हे चैन पडू देईना, म्हणून वाचायला घेतलं. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात केली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ यांनी नेमका हाच प्रसंग मुद्दाम घडवून पाहिला होता. 2015 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी एका जागी कावळ्यांना खाऊ घालायचं. मग मुखवटा घातलेला माणूस भुसा भरलेला मेलेला कावळा हातात घेऊन तिथे उभा राहायचा. कावळे जमून ओरडायचे आणि पुढचे काही दिवस त्या जागी खायला उतरायला वेळ लावायचे. नंतर तोच मुखवटा रिकाम्या हातांनी आला तरी त्याच्यावर ओरडायचे, अगदी सहा आठवड्यांपर्यंत. मेलेलं कबुतर हातात असेल तर एवढा गोंधळ होत नसे. तो अभ्यास अमेरिकन कावळ्यांचा, आपले गावकावळे वेगळे. तरीही मासळीची जागा आणि लाइनमनचा चेहरा या दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

माझं मत त्यावरून बनलं आहे. ती गर्दी म्हणजे चौकशी असते. आपल्यातला एक मेला, तर तो कुठे मेला, जवळ कोण होतं, ही जागा आता धोक्याची आहे का. ओरडण्यामुळे लांबचे कावळेही येतात, आणि ज्यांनी मरण पाहिलं नाही त्यांनाही ती जागा आणि तो चेहरा कळतो. करंट मात्र दिसत नाही. त्यांना दिसतो तो कावळा हातात धरलेला माणूस, आणि दोष त्याच्याकडे जातो. आमच्या लाइनमनच्या बाबतीत हेच झालं.

म्हणून आजींचं म्हणणं मी खोटं ठरवत नाही. त्या गर्दीत मेलेल्याचा जोडीदार असेल, तर त्याला काय वाटत होतं हे मुखवट्याच्या प्रयोगातून कळत नाही. धोका ओळखणं आणि दुःख होणं एकाच पक्ष्यात एकाच वेळी असू शकतं. मोजता येतं ते पहिलं.

त्या डीपीच्या बुशिंगवर आता इन्सुलेटिंग कव्हर आहेत आणि जंपरवर, म्हणजे जोडणीच्या तारांवर स्लीव्ह. बाकीच्या डीपींसाठी मी मागणी पाठवली आहे, विणीच्या आधी साहित्य मिळावं असं त्यात स्पष्ट लिहून. मेलेला कावळा काढायचाच झाला तर लाइन बंद आणि अर्थ करून तो वरच्या वर गोणपाटात घ्यायचा, उघडा हातात धरून उतरायचं नाही, असं मी माझ्या माणसांना सांगून ठेवलं आहे. पोलवर चढलेल्या माणसाच्या डोक्याजवळून कावळे झेपावले तर तोल जाऊ शकतो, आणि त्याला त्याच वाडीत पुन्हा चढायचं असतं.