टेलिग्रामवर फॉरवर्ड झालेल्या मेसेजवरचं आपलं नाव: माझा अनुभव

आधीच सांगते, हे टेलिग्रामबद्दल आहे, व्हॉट्सॲपबद्दल नाही. व्हॉट्सॲपवर तुमचा मेसेज कोणी पुढे ढकलला तर त्यावर नुसतं फॉरवर्डेड असं येतं, मूळ कोणाचा ते येत नाही. टेलिग्रामवर उलट, तुमचं नाव वर चिकटूनच पुढे जातं, आणि त्या नावावर बोट ठेवलं की थेट तुमचं प्रोफाइल उघडतं. आपल्याकडे निम्मी स्पर्धा परीक्षेची पोरं टेलिग्रामवर पडीक असतात आणि ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते.

तर झालं असं की आमचा अभ्यासाचा एक छोटा ग्रुप आहे, सगळे एकाच अभ्यासिकेतले. पूर्वपरीक्षेची पहिली उत्तरतालिका आली आणि एका प्रश्नाचं उत्तर मला पटेना, म्हणून मी अकरावीच्या पुस्तकातल्या पानाचा फोटो टाकून, हरकत कशी लिहायची त्याचा मोठाच्या मोठा मेसेज ग्रुपवर लिहिला. आमच्यातल्याच कोणीतरी तो उचलून एका अवाढव्य ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत माझ्या इनबॉक्सात अनोळखी लोकांची रांग. ताई, अजून कुठल्या प्रश्नाला हरकत आहे? मॅडम, कटऑफ किती लागेल? एक जण तर भांडायलाच आला, की तुमच्यामुळे त्याचं बरोबर उत्तर चूक ठरणार म्हणे. वर टेलिग्रामवरून कॉल. मी काय आयोगाची सदस्य आहे का?

मग सेटिंग शोधली. ती सापडायला काही त्रास नाही, Settings मध्ये Privacy and Security आणि त्यात Forwarded Messages. तिथे तीन पर्याय दिसतात: Everybody, My Contacts आणि Nobody. आपण कधी हात लावला नसेल तर Everybody असतं. वर एक नमुन्याचा मेसेज पण दाखवतात, पर्याय बदलला की तिथलं वर्णन बदलतं. मी Nobody केलं आणि म्हटलं सुटले.

सुटले कसली! बहिणीला म्हटलं, माझा एखादा मेसेज दुसऱ्या चॅटमध्ये टाकून बघ. टाकला, आणि वर माझं नाव आडनावासकट तसंच. परत Everybody केलं, परत Nobody केलं, ॲप अपडेट केलं, फोन बंद करून चालू केला, तरी नाव आहेच. यूट्यूबवर जो तो सांगतोय की हे केलं की नाव जातं, कमेंटमध्ये लोक धन्यवाद दादा म्हणतायत, आणि माझं नाव काही जात नाही. मला अजून त्या व्हिडिओवाल्यांचा राग आहे, कारण एकानेही स्वतः फॉरवर्ड करून बघितलेलं नसणार.

खरी गोष्ट अशी की या सेटिंगने नाव जात नाही, जाते ती फक्त लिंक. स्क्रीनवर इंग्रजीत विचारलेलंच ते आहे, की मेसेज फॉरवर्ड करताना तुमच्या अकाउंटची लिंक कोण जोडू शकतं. नाव साध्या अक्षरांत राहतं. फरक कळतो तो नावावर बोट ठेवल्यावर. लिंक असेल तर प्रोफाइल उघडतं, नसेल तर फक्त एक छोटी पट्टी येते की या व्यक्तीने आपलं अकाउंट लपवलंय, आणि पुढे काही नाही. बहिणीने बोट लावल्यावर ती पट्टी आली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. २०१९ च्या मार्चमध्ये ही सोय आली तेव्हा त्यामागचा विचारच हा होता की मेसेज तुम्हीच पाठवलात याचा पक्का पुरावा त्यात राहू नये. नुसतं नाव काय, कोणीही कोणाचंही लावू शकतं.

पण आमच्यासारख्यांचं काय? माझं आडनाव जरा वेगळं आहे, पूर्ण नाव कळलं की आमच्या अभ्यासिकेतला कोणीही मला ओळखणार. म्हणजे लिंक काढून अर्धंच काम होतं, उरलेलं अर्धं प्रोफाइलच्या नावात आहे. टेलिग्रामला आडनाव सक्तीचं नाही. मी आडनाव काढलं आणि नावाचं पहिलं अक्षर तेवढं ठेवलं.

इथे एक बारीक मेख आहे आणि ती मला फार उशिरा कळली, म्हणून ठळक सांगते. लिंक असलेल्या फॉरवर्डवर जे नाव दिसतं ते तुमच्या प्रोफाइलवरून येतं, उद्या तुम्ही नाव बदललं की तिथेही बदललेलं दिसतं (ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्याला अर्थात त्याने सेव्ह केलेलं नाव दिसतं, माझ्या मावशीला मी कुठेही छकुलीच दिसते). पण लिंक काढलेल्या फॉरवर्डवर त्या क्षणी जे नाव असेल ते अक्षरांच्या रूपात छापलं जातं आणि मग तुम्ही बारसं पुन्हा केलं तरी ते बदलत नाही. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी प्रोफाइलचं नाव छोटं करा, मग Nobody निवडा. उलटं केलंत आणि मधल्या वेळात कोणी फॉरवर्ड केलं तर पूर्ण नाव तिथे कायमचं बसलं म्हणून समजा.

यूझरनेम बदलून काही होत नाही बरं का. लिंक अकाउंटला जोडलेली असते, यूझरनेमला नाही. यूझरनेम बदला, हे पण एका व्हिडिओत सांगितलं होतं.

आता My Contacts चं. मला वाटलं होतं हा मधला मार्ग चांगला, ओळखीच्यांना लिंक दिसेल आणि अनोळखींना नाही. तसं अजिबात नाहीये. तिथे वाचणारा कोण आहे ते बघतच नाहीत, फॉरवर्ड करणारा कोण आहे ते बघतात. हे मला खात्रीने हवं होतं म्हणून आम्ही तीन फोन घेऊन बसलो, माझा, बहिणीचा आणि तिच्या मैत्रिणीचा. बहीण माझ्या कॉन्टॅक्टमध्ये आहे, मैत्रीण नाही. एक रिकामा ग्रुप काढला, त्यात त्या दोघी आणि बहिणीच्या ऑफिसमधला एक जण, जो मला ओळखतही नाही. मी My Contacts ठेवलं आणि दोघींना एकच वाक्य वेगवेगळं पाठवलं. बहिणीने ते ग्रुपवर टाकलं, तर त्या ऑफिसवाल्याला माझ्या नावावर बोट ठेवून माझं प्रोफाइल सरळ उघडता आलं. मैत्रिणीने टाकलं, तर कोणालाच उघडेना. म्हणजे कॉन्टॅक्टमधला एक माणूस पुरेसा आहे, त्याने हजारो लोकांच्या ग्रुपवर टाकलं की हजारोंना तुमची लिंक मिळाली. आणि माझा मेसेज ज्याने पसरवला तो माझ्या कॉन्टॅक्टमधलाच होता, तेव्हा हा पर्याय ठेवला असता तरी काही फरक पडला नसता. शिवाय कॉन्टॅक्ट म्हणजे कोण, तर फोनमधले सगळे सिंक करायला परवानगी दिली असेल तर गॅसवाला, मेसच्या काकू, जुन्या रूमचे मालक, सगळेच.

त्याच पानावर खाली अपवाद टाकता येतात, Nobody ठेवून अमक्याला चालेल किंवा Everybody ठेवून तमक्याला नाही, असं. त्यात अख्खा ग्रुपही निवडता येतो, म्हणजे त्या ग्रुपातले सदस्य. मी एकही अपवाद ठेवलेला नाही, पण क्लासची जाहिरात करणारे किंवा नोट्स विकणारे ठेवत असतील, त्यांना तर लिंक हवीच असते.

तपासताना एक काळजी घ्या, स्वतःच्याच फोनवरून स्वतःचा मेसेज फॉरवर्ड करून निष्कर्ष काढू नका. मेसेज तुमचा, फॉरवर्ड करणारा दुसरा आणि वाचणारा तिसरा, अशी तीन माणसं हवीत, नाहीतर काय दिसतंय ते नीट कळत नाही. सेटिंग अकाउंटची आहे, त्यामुळे फोनवर बदलली की लॅपटॉपवर वेगळी बदलायला नको.

आणि जे आधीच पसरलंय त्याचं? त्याला काही करता येत नाही. सेटिंग बदलल्यावर जे नवीन फॉरवर्ड होईल त्यालाच ती लागू होते, मग मूळ मेसेज तुम्ही मागच्या वर्षी लिहिलेला का असेना. आधीच्या फॉरवर्डला लागलेली लिंक राहते. मी चिडून आमच्या ग्रुपवरचा मूळ मेसेज डिलीट केला, तर फक्त आमच्या ग्रुपवरून गेला, तिकडची प्रत जशीच्या तशी, कारण ती वेगळा मेसेज म्हणून तिथे बसलेली असते. मूळ मेसेज एडिट केला तरी तिकडे काही हलत नाही. शेवटी त्या मोठ्या ग्रुपच्या ॲडमिनला विनंती करून काढायला लावला. आधी तो म्हणाला, ताई चांगली माहिती आहे, राहू द्या की. मग मी म्हटलं, मग तुमच्या नावाने टाका, येणारे कॉल तुम्ही घ्या. लगेच काढला!

पूर्ण बिननावाने पाठवायची सोय आहे, पण ती फॉरवर्ड करणाऱ्याच्या हातात आहे, आपल्या नाही. फॉरवर्ड करताना चॅट निवडल्यावर, पाठवायच्या आधी, टाइप करायच्या जागेच्या वर एक पट्टी येते, तिच्यावर टॅप केलं की Hide Sender's Name मिळतं. ते केलं की मेसेज पाठवणाऱ्यानेच लिहिल्यासारखा जातो. आमच्या ग्रुपवर मी हे पिन करून ठेवलंय, की बाहेर टाकायचं तर असं टाका. किती जण करतील देव जाणे. आणि याची दुसरी बाजू म्हणजे तुमची मेहनत कोणीही स्वतःच्या नावावर खपवू शकतं, आणि ती अडवायला तुमच्याकडे सेटिंग नाही.

ग्रुपच्या मालकाला मात्र एक जालीम उपाय आहे, ग्रुपच्या सेटिंगमध्ये कंटेंट सेव्ह करायला बंदी घालता येते. मग फॉरवर्डच होत नाही, कॉपीही होत नाही, फोनवर स्क्रीनशॉटही अडतो. आम्ही लावून बघितलं आणि दोन दिवसांत काढलं, कारण नोट्स डाउनलोड होईनात आणि सगळे मालकाच्या, म्हणजे माझ्याच, डोक्यावर बसले. दुसऱ्या फोनने फोटो काढायचा म्हटलं तर तो थोडाच अडतो.

फोन नंबरचं वेगळं बघा, त्याच Privacy and Security मध्ये Phone Number आहे, तो Nobody करा, कारण जुन्या फॉरवर्डवरून प्रोफाइलवर येणारे लोक येतच राहणार, निदान नंबर तरी दिसायला नको. कॉलसाठीही तिथेच Calls आहे, ते My Contacts केल्यावर माझे अनोळखी कॉल बंद झाले.

अजून एक आत्ता आठवलं, पीडीएफ. फॉरवर्डची सेटिंग फाइलच्या आत शिरत नाही. आमच्यातल्या एकाने माझं ऐकून सगळं व्यवस्थित Nobody वगैरे केलं, आणि त्याच्या भूगोलाच्या नोट्सच्या प्रत्येक पानावर तळाला नाव आणि मोबाईल नंबर छापलेला आहे. ती फाइल आता कुठेकुठे फिरतीये त्यालाही माहीत नाही.