‘हलकं काम द्या’ असं तिने लिहिलंच नव्हतं

चाकणच्या आमच्या कारखान्यात ‘हलकं काम मिळावं’ असे अर्ज सारखे येतात. हलकं म्हणजे नेमकं काय, हे ना अर्जदार लिहितो, ना त्याचा डॉक्टर. माझ्या तपासणी विभागातल्या एका मुलीचं पत्र मात्र वेगळं होतं. थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडतेय, असं नुकतंच निदान झालं होतं. कार्बिमॅझोल आणि प्रोप्रॅनोलॉल सुरू होतं.

‘सर, माझे हात थरथरतात, त्यामुळे बोअर गेजचं रीडिंग सध्या माझ्याकडून खात्रीचं येणार नाही. भट्टीजवळची उष्णता सोसत नाही. मांड्यांत जोर नाही, जिना चढून नमुने आणणं जमत नाही. झोप लागत नाही, म्हणून रात्रपाळी नको. पहिले दोन महिने एवढं सांभाळून घ्या, दर रिपोर्टनंतर पुन्हा ठरवू. कॅलिब्रेशनच्या नोंदी आणि कागदपत्रं मी पूर्ण वेळ करीन.’

पहिलं वाक्य मी पुन्हा वाचलं. बोअर गेज भोकात घालून हळूच डोलवावा लागतो. काटा मागे फिरतो ती जागा म्हणजे खरा व्यास. हात कापत असेल तर काटा तिथे ठरतच नाही, आणि आमच्याकडे दहा मायक्रॉनवर माल पास की नापास ठरतो. दुसरं कुणी हे लपवून आकडे लिहीत राहिलं असतं.

काम बदलून दिलं. थोड्याच दिवसांत तिचे हात स्थिर झाले आणि वरचे साहेब म्हणाले, “बरी झाली की, भट्टीवर पाठवा.” हे ऐकून मला राग आला. प्रोप्रॅनोलॉल थरथर आणि धडधड आवरतं, हार्मोनचं उत्पादन कमी करत नाही. ते काम कार्बिमॅझोलचं, आणि त्याला काही आठवडे लागतात. तिच्या पुढच्या रिपोर्टात टी-४ हे थायरॉइडचं हार्मोन अजून चढंच होतं. तो कागद मी साहेबांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा विषय थांबला.

पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती: ताप आला किंवा घसा दुखला तर कार्बिमॅझोलची गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचंय, लगेच सोडावं. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात, आणि मग साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. एका सकाळी खरंच तिचा घसा धरला. गेटपासवर तीन सह्या लागतात. मी स्वतः कागद घेऊन पळालो, तरी तिसऱ्या सहीसाठी तिला गेटवर ताटकळत बसावं लागलं. नशिबाने पेशी ठीक निघाल्या आणि डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली.

पण ती दुसऱ्या पाळीत असती तर? संध्याकाळनंतर एचआरमध्ये सही करायला कुणी नसतं. अशा वेळी पाळीप्रमुखाची एकच सही चालावी, असं मी लेखी दिलंय. उत्तर अजून आलेलं नाही.